लोकशाहीसमोरील आव्हाने : सरपंचपदाच्या लिलावावरून शिकायचे पाच प्रश्न

राज्य मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्रात ‘भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने’ हा पाठ आहे. अकरावी-बारावीतही हा विषय परत येतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा विहारातल्या वर्गात मुलांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना एक अडचण नेहमी जाणवते. प्रश्न पैशाचा असो, कमी मतदानाचा असो की वंचित घटकांचा, मुलांचे उत्तर एकाच वाक्यावर थांबते : ‘यासाठी जनजागृती केली पाहिजे.’ या उत्तराला गुण मिळतीलही, पण नेमके काय बिघडले आहे हे त्यातून कळत नाही.

म्हणून आम्ही इथे महाराष्ट्रातली एकच घटना घेतली आहे. पैसा, मतदान आणि वगळले जाणे ही तिन्ही आव्हाने त्या घटनेत एकत्र दिसतात. तिच्या आधारे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत. शेवटी मुलांनी स्वतः सोडवायचे प्रश्न आहेत.

घटना काय होती?

जानेवारी २०२१ मध्ये राज्यात हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. मतदान १५ जानेवारीला होते. त्याआधी नाशिक जिल्ह्यातील उमराणे (तालुका देवळा) आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांसाठी बोली लागल्याच्या बातम्या आल्या. उमराण्यात बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेली, खोंडामळीत ती ४२ लाखांची होती. हा पैसा गावातल्या मंदिराच्या कामासाठी वापरायचा होता. बोलीची चित्रफीत मोबाइलवर फिरली. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले, चित्रफिती तपासल्या आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

गावातल्या अनेकांना यात गैर काही वाटत नव्हते. पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता, मंदिर सगळ्यांचे होते, शिवाय निवडणुकीतली भांडणे टळणार होती. पहिला प्रश्न इथूनच सुरू होतो.

प्रश्न १. ‘पैसा सार्वजनिक कामाला जात असेल, तर पदाचा लिलाव चुकीचा नाही.’ हे विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा.

हे विधान चूक आहे. कारण समजण्यासाठी लिलाव प्रत्यक्षात कसा चालतो ते पायरीपायरीने पाहावे लागते.

त्या वेळी सरपंचाची निवड थेट मतदानाने होत नव्हती. गावकरी प्रभागवार सदस्य निवडत आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. त्यामुळे पद ‘विकायचे’ तर आधी सगळे सदस्य ठरवून आणावे लागतात. त्यासाठी प्रत्येक जागेवर एकच अर्ज राहिला पाहिजे. बोली जिंकणाऱ्याच्या मर्जीबाहेरच्या माणसाने अर्ज भरूच नये, आणि भरला असेल तर माघारीच्या दिवशी तो मागे घ्यावा, अशी सोय करावी लागते. जागेइतकेच अर्ज उरले की निवडणूक अधिकारी त्या उमेदवारांना बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर करतात. मतदान होतच नाही.

म्हणजे बोलीचा पैसा मंदिरासाठी दिल्यासारखा दिसला, तरी त्या बदल्यात घेतले जाते ते इतरांचे उभे राहण्याचे आणि मत देण्याचे स्वातंत्र्य. कायद्यानेही ‘निवडणूकविषयक हक्क’ म्हणजे फक्त मत देणे असे मानलेले नाही. उभे राहणे, उभे न राहणे, अर्ज मागे घेणे, मत देणे किंवा न देणे हे सगळे त्या हक्कात येते. या हक्काच्या वापरावर परिणाम व्हावा म्हणून कुणालाही दिलेला मोबदला ही लाच ठरते. आधी ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-अ आणि १७१-ब मध्ये होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १६९ आणि १७० मध्ये आहे.

मात्र एक मर्यादा मुलांना जरूर सांगावी. बिनविरोध निवडणूक हा स्वतःहून गुन्हा नाही. एका जागेला एकच इच्छुक असेल किंवा लोकांनी खरोखर चर्चा करून नावे ठरवली असतील, तर ती कायदेशीर आहे. फरक ओळखायचा तर चार गोष्टी विचाराव्यात. नावे ठरली त्या बैठकीला बायका आणि वस्तीतले लोक होते का? राखीव जागेवरचे नाव त्या समाजाने ठरवले की दुसऱ्यांनी? कुणाचा अर्ज दबावाने मागे गेला का? पैशाचा किंवा कामाचा सौदा झाला का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘दुसऱ्यांनी’ असे असेल, तर पैसा न फिरताही त्या एकमतात काही लोक मोजलेच गेलेले नाहीत.

प्रश्न २. निवडणूक खर्चावर मर्यादा असूनही पैशाचा प्रभाव का टिकून राहतो?

उमराण्यात पैसा उघड्यावर मोजला गेला, म्हणून तो सापडला. मोठ्या निवडणुकीत तो असा दिसत नाही. तिथे पैसा तीन वेळा काम करतो : कोण उभा राहू शकतो हे ठरवताना, मतदारापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो हे ठरवताना, आणि निवडून आल्यावर कोणाची परतफेड करायची हे ठरवताना.

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. गोव्यासारख्या लहान राज्यात या मर्यादा ७५ लाख आणि २८ लाख आहेत. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. तो योग्य कारणाशिवाय दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

पण ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने राज्यभर केलेल्या सर्वसाधारण प्रचारावर कमाल मर्यादाच नाही. पक्षाने नेमलेल्या ‘स्टार’ प्रचारकांच्या विमान-हेलिकॉप्टरचा प्रवासखर्चही उमेदवाराच्या हिशोबात धरला जात नाही. त्यामुळे श्रीमंत पक्षाचा उमेदवार आणि वस्तीतून उभा राहिलेला अपक्ष यांना कागदावर एकच नियम लागू असला, तरी त्यांची लढत बरोबरीची नसते.

दुसरी बाजू आहे पक्षाला देणगी कोण देतो याची. निवडणूक रोख्यांचे उदाहरण मुलांनी नीट समजून घ्यावे. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत व्यक्ती किंवा कंपनी स्टेट बँकेतून १ हजार ते १ कोटी रुपयांचे रोखे घेऊन पक्षाला देऊ शकत होती. पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. देणाऱ्याचे नाव बँकेला माहीत असे, मतदाराला मात्र कळत नसे. त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरची जुनी मर्यादाही काढली गेली होती. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना रद्द केली. मोठी देणगी देणाऱ्याला धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचता येते. अशा वेळी पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा, म्हणजे कलम १९(१)(अ)चा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये रोख्यांचे तपशील प्रसिद्ध झाले. एप्रिल २०१९ नंतर वटवलेल्या रोख्यांची रक्कम १२ हजार कोटींहून अधिक होती.

उत्तर लिहिताना दोन्ही टोके जोडावीत. गावातल्या बोलीत पैसा कोणी दिला हे सगळ्यांना दिसत होते, पण मत नव्हते. रोख्यांच्या व्यवस्थेत मत होते, पण पैसा कोणी दिला हे दिसत नव्हते.

प्रश्न ३. ‘मतदान कमी होते, कारण मतदार उदासीन आहेत.’ तुमचे मत सकारण लिहा.

हे विधान अर्धेच बरोबर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के मतदान झाले, तर गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के. गडचिरोलीत जंगल आहे, अंतर मोठे आहे, आणि सुरक्षेच्या कारणाने अनेक भागांत मतदान दुपारी ३ वाजताच संपले. तरी लोक गेले. म्हणजे शिक्षण आणि सोयी असल्या की मतदान वाढते, असे सरळ म्हणता येत नाही. दक्षिण मुंबईत उदासीनता हे एक कारण असू शकते. पण टक्केवारी पाहून लगेच तसा निष्कर्ष काढू नये, कारण ती कशाने भागली जाते हे आधी बघावे लागते.

मतदानाची टक्केवारी म्हणजे झालेली मते भागिले यादीतली नावे. गावातल्या प्रौढांची संख्या या हिशोबात येतच नाही. हे समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ.

गावात मतदानास पात्र असे १,२०० प्रौढ आहेत. यादीत नावे आहेत १,२५०. त्यातली १५० नावे मृतांची किंवा कायमची गाव सोडून गेलेल्यांची आहेत. म्हणजे खरी नावे १,१००, आणि १०० पात्र माणसे यादीत नाहीतच. यादीत असलेल्या १,१०० पैकी २०० जण मतदानाच्या दिवशी ऊसतोडीला गेलेले आहेत. मतदान केले ७५० जणांनी.

सरकारी टक्केवारी : ७५० भागिले १,२५०, म्हणजे ६० टक्के.
पात्र प्रौढांमधले प्रमाण : ७५० भागिले १,२००, म्हणजे ६२.५ टक्के.
ज्यांना त्या दिवशी मत देणे खरोखर शक्य होते त्यांच्यातले प्रमाण : ७५० भागिले ९००, म्हणजे सुमारे ८३ टक्के.

मते तीच आहेत, पण चित्रे तीन दिसतात. मत न दिलेले पात्र लोक ४५०. त्यातले १०० यादीत नव्हते, २०० गावाबाहेर होते, आणि शक्य असूनही न गेलेले फक्त १५०. ‘लोक उदासीन आहेत’ हे वाक्य या गावात तीनपैकी एकालाच लागू पडते. उरलेल्या दोघांना जनजागृतीचा काही उपयोग नाही. त्यांना यादीत नाव हवे आहे किंवा गावी येण्याची सोय हवी आहे.

ऊसतोड हे उदाहरण आम्ही उगाच घेतलेले नाही. मराठवाड्यातले कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात निघतात. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. कामगारांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फडातून दोन दिवस सोडून गावी येणे सोपे नसते. मतदानाची पगारी सुट्टी कायद्यात आहे, पण कोयत्यावर, म्हणजे जोडीने आणि टनावर मजुरी घेणाऱ्याला ती सुट्टी कोण देणार? स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता, पण ते निवडणुकीत वापरात आलेले नाही.

आणि उमराण्याकडे परत येऊ. निवडणूक बिनविरोध झाली असती, तर तिथे कमी मतदान झाल्याची नोंदही कुठे झाली नसती. मतदानच नाही तिथे टक्केवारी नसते. म्हणून फक्त टक्केवारी पाहणाऱ्याला हे आव्हान दिसत नाही.

प्रश्न ४. मतदानाचा हक्क आणि राखीव जागा असूनही काही समाजघटक निर्णयप्रक्रियेबाहेर का राहतात?

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी हे प्रमाण ५० टक्के आहे. पण जागा राखीव करणे आणि तिथे बसणाऱ्याला मोकळेपणाने काम करू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात पाप्पापट्टी आणि कीरिपट्टी ही गावे आहेत. १९९६ मध्ये तिथली पंचायत-अध्यक्षपदे अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. गावातल्या प्रबळ जातीने ते मान्य केले नाही. दलितांनी अर्ज भरू नयेत असा दबाव आला. कधी अर्जच आला नाही, तर कधी त्यांच्याच बाजूचा कुणीतरी निवडून येई आणि शपथ घेताच राजीनामा देई. कागदावर निवडणूक झाली, पण पद रिकामेच. दहा वर्षे हे असेच चालले. २००६ मध्ये प्रशासनाने ठामपणे लक्ष घातल्यावर तिथे निवडून आलेले दलित अध्यक्ष पदावर टिकले.

या गावांत हक्क कायद्याने काढून घेतला नव्हता. ज्यांच्या शेतावर मजुरी, ज्यांच्या दुकानात उधारी, ज्यांच्या रानातून जायची वाट, त्यांच्याविरुद्ध अर्ज भरायचा होता. मत गुप्त असते, पण उमेदवारी अर्ज गुप्त नसतो. म्हणून वगळण्याचे काम मतदानकेंद्रावर होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होते. उमराण्याच्या बोलीतही नेमके हेच आहे : कोटींची बोली लावण्याची ऐपत नसलेला मजूर कायद्याने पात्र असूनही स्पर्धेत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मानायचे आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारायचे, ही विसंगती फार काळ राहिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. मुलांनी हा संदर्भ द्यावा, पण सजावट म्हणून देऊ नये. वरच्या उदाहरणात ‘एक मत’ कुठे होते आणि ‘एक मूल्य’ कुठे हरवले, ते दाखवावे.

प्रश्न ५. मतदारयादीतून वगळले जाणे टाळण्यासाठी कोणती प्रक्रिया आहे? ती कुठे अपुरी पडते?

इथे एक गैरसमज आधी दूर करावा. ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा नगरपालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला घेऊन ती प्रभागवार फोडली जाते. तेव्हा मागवल्या जाणाऱ्या हरकती मुख्यतः चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांसारख्या चुकांसाठी असतात. विधानसभेच्या यादीत नाव नसलेल्याला त्या वेळी नव्याने घुसता येत नाही. म्हणून काम निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करावे लागते.

नवीन नावासाठी नमुना ६, एखादे नाव घेण्यास किंवा राहण्यास हरकत असेल तर नमुना ७, आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ असतो. पूर्वी वयाची १८ वर्षे मोजण्यासाठी १ जानेवारी ही एकच तारीख होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो. बारावीतल्या बहुतेक मुलांना हे लागू आहे.

प्रक्रिया अपुरी पडते ती राहण्याच्या पुराव्यापाशी. नाव तिथेच लागते जिथे माणूस ‘सर्वसाधारणपणे राहतो’. अर्धे वर्ष फडात, अर्धे वर्ष गावात असणाऱ्याचे, किंवा भाडेकरार नसलेल्या झोपडीत राहणाऱ्याचे काय? तात्पुरते बाहेर गेल्याने नाव जात नाही असे कायदा सांगतो, पण पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्याला दार बंद दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडण्याची शक्यता असते. म्हणून वस्तीत यादीचे वाचन करायचे तर ते लोक गावात असताना करावे. तीन खुणा कराव्यात : मृत किंवा कायमचे गेलेले, चुकीच्या भागात गेलेले, आणि पात्र असून नाव नसलेले. वरच्या काल्पनिक गावातले १०० जण याच तिसऱ्या खुणेत सापडतात.

उत्तर तपासताना काय पाहावे?

विद्यार्थ्याने ‘पैशाचा गैरवापर वाढला आहे’ एवढेच लिहिले, तर पुढे विचारावे : कोणत्या टप्प्यावर? अर्ज भरताना, प्रचारात की देणगीत? ‘मतदान कमी’ असे लिहिले तर विचारावे : कशाच्या तुलनेत, यादीच्या की लोकसंख्येच्या? ‘वंचितांना सहभाग मिळत नाही’ असे लिहिले तर विचारावे : नाव नाही, उभे राहता येत नाही, की निवडून येऊनही काम करू दिले जात नाही? आव्हान कोणत्या टप्प्यावरचे आहे ते कळले की उपायही त्याच टप्प्याचा सुचतो.

स्वतः सोडवा

१. एका गावात १,००० नावांच्या यादीतून १०० मृतांची नावे वगळली. पुढच्या निवडणुकीत आधीइतक्याच, म्हणजे ६३० जणांनी मत दिले. टक्केवारी किती वाढली? मतदारांचा उत्साह वाढला असे म्हणता येईल का?

२. ‘गाव बिनविरोध करा, विकासनिधी घ्या’ असे एखाद्या पुढाऱ्याने जाहीर केले. लिलाव आणि ही घोषणा यांत साम्य काय आणि फरक काय?

३. पक्षाच्या खर्चावर कमाल मर्यादा असावी का? बाजूने एक आणि विरोधात एक कारण लिहा.

४. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा प्रभागात मागच्या निवडणुकीत किती जागा बिनविरोध झाल्या ते शोधा. त्यातल्या राखीव जागा किती होत्या? नावे कोणी ठरवली हे घरातल्या आणि शेजारच्या किमान तीन जणांना विचारून लिहा. त्या तिघांत एक स्त्री असावी.